ढगात पंख सरळ, माणूस वाकडा

या समूहावर वाड्यांच्या, लग्नांच्या, राजवाड्याजवळच्या जुन्या दुकानांच्या आठवणी येतात आणि मी त्या आवडीने वाचतो. माझ्याजवळ त्यातलं फारसं नाही. जन्म इंदूरच्या जुन्या मराठी घरातला, शाळा-कॉलेज तिथंच, विमान चालवायला शिकलो तेही इंदूरलाच. पुढची पस्तीसेक वर्षं विमानातच गेली, त्यातली शेवटची बरीचशी नव्या मुलांना शिकवण्यात. तेव्हा माझी आठवण ढगांची.

निमित्त माझ्या भाचीचं. ती सध्या वैमानिकाचं शिक्षण घेतेय, आणि आता ढगातल्या उड्डाणाचे धडे सुरू व्हायचेत. मागच्या पावसाळ्यात सगळे इंदूरला जमलो होतो. भुट्ट्याचा कीस खाता खाता धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, ढगात शिरल्यावर बाहेर काहीच दिसत नाही. मग विमान सरळ आहे का वाकडं, हिला कळणार कसं?" मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "आई, समोर यंत्रं असतात. आणि विमान कललं तर अंगालाही कळतंच की."

यातलं दुसरं वाक्य ऐकलं आणि मी बशी खाली ठेवली. कारण कळत नाही. आणि 'कळतंच की' असं वाटत असतं, हा त्यातला खरा धोका.

आपला तोल कोण सांभाळतं? डोळे, स्नायू-सांधे आणि आतला कान. जमिनीवर या तिघांचं छान जमतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. त्यामुळे नळीतला एक नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला 'वळतोय' असं कळतं. रचना सुंदर आहे, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. वळणं फार हळू असेल, म्हणजे सेकंदाला साधारण दोन अंशांहून कमी, तर ते तिला जाणवतच नाही. आणि वळणं एकाच वेगाने चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत आतला द्रवही नळीच्याच वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो, आणि कान सांगतो 'थांबलो'. आपण मात्र फिरतच असतो.

हे भाचीला तोंडी सांगून पटलं नसतं. घरात भाच्याची चाकांची फिरती खुर्ची होती. तिला त्यात बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली, मान सरळ ठेवायला सांगितली. हाताची मूठ करून अंगठा वर धरायचा, आणि ज्या बाजूला फिरतोय असं वाटेल तिकडे तो झुकवायचा. बोलायचं नाही. मग मी खुर्ची उजवीकडे एकसारखी, न धक्का देता फिरवू लागलो. अंगठा लगेच उजवीकडे गेला. पंधरा-वीस सेकंदांत तो हळूहळू वर यायला लागला आणि चक्क सरळ उभा राहिला. खुर्ची तेवढ्याच वेगाने फिरत होती. सगळे हसू दाबून बघत होते. मग मी खुर्ची अलगद थांबवली, आणि थांबलेल्या खुर्चीत बसलेल्या पोरीचा अंगठा ठामपणे डावीकडे गेला. ओढणी सोडली तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू मला उलटं कधी फिरवलंस?" मी फिरवलंच नव्हतं. (घरी करून बघायचं असेल तर खुर्चीशेजारी दोघं उभे राहा, आणि लगेच उठू देऊ नका. माणूस खरोखर पडतो.) वायुसेनेच्या वैमानिकांना अशाच खुर्चीतून नेतात. तिला बाराणी खुर्ची म्हणतात, १९१४ सालचं नोबेल मिळवणाऱ्या रॉबर्ट बाराणी यांच्या नावावरून. आतल्या कानावरच त्यांचं काम होतं.

आता खुर्चीऐवजी विमान घ्या. ढगात आहात, काचेबाहेर सगळीकडे सारखा पांढरा-करडा रंग. क्षितिज नाही, जमीन नाही. रेडिओवर नवीन आकडा लावायचा आहे म्हणून तुम्ही खाली बघता. तेवढ्यात विमान डावीकडे कलू लागतं, सेकंदाला एखाद अंश. पंधरा सेकंदांत डावा पंख पंधरा अंश खाली गेला. कानाला पत्ता नाही, कारण वेग त्याच्या हिशेबाच्या खाली होता. तुमच्या मते तुम्ही सरळच चालला आहात.

मान वर करता, आणि समोरचं यंत्र दाखवतं की विमान डावीकडे कललंय. ते यंत्र म्हणजे कृत्रिम क्षितिज. गोल तबकडी, वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये छोटंसं विमान. तुम्ही शिकलेले आहात, म्हणून हँडल उजवीकडे वळवून दोन-तीन सेकंदांत पंख सरळ करता. हे वळणं मात्र जलद आहे, म्हणून कानाला ते पक्कं जाणवतं. पण कानाने सुरुवात धरली आहे 'सरळ' पासून. त्याच्या हिशेबात विमान सरळ होतं आणि आता उजवीकडे पंधरा अंश कललं.

म्हणजे यंत्र म्हणतं सरळ, आणि अंग ओरडून सांगतं की उजवीकडे कललोय. यालाच वैमानिक 'लीन्स' म्हणतात. नाव कुठून आलं ते कॉकपिटमध्ये शेजारी बसल्यावर कळतं. पंख अगदी सरळ असतात, आणि विद्यार्थी खुर्चीत डावीकडे वाकून बसलेला असतो, त्याच्या मते 'सरळ' व्हायला. मी अशी कितीतरी मुलं पाहिली आहेत. विचारलं, "का रे असा वाकून बसलायस?" की चमकून म्हणतात, "सर, मी कुठे वाकलोय?" शिकत असताना मलाही ते जाणवलं, पुढे अनुभवी झाल्यावरही जाणवलं. अनुभवाने भास येणं थांबत नाही, तो आल्यावर हात शांत ठेवता येतात, एवढंच.

आणि भास लगेच जातही नाही. काही वेळा कित्येक मिनिटं टिकतो. 'हा भास आहे' हे माहीत असूनही टिकतो. खुर्चीतून उतरल्यावर घर फिरत नाही हे ठाऊक असतं, तरी घर फिरतच असतं ना, तसंच.

तुम्ही म्हणाल, कान चुकला तरी बुडाखाली आसन आहे, वजन एका बाजूला गेलं तर कळेलच. मोटार वळते तेव्हा आपण बाजूला ढकलले जातोच. पण विमान मोटारीसारखं वळत नाही. ते पंख कलवून वळतं, सायकलस्वारासारखं. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर मिळून जो एकच जोर तयार होतो, तो सरळ आसनातून खाली जातो. प्रवासी म्हणून तुम्ही हे पाहिलंही असेल: विमान चांगलं कललेलं असतं, खिडकीतून जमीन तिरपी दिसते, पण ट्रेवरच्या कपातला चहा कपाच्या काठाशी समांतरच राहतो. चहाला वळण कळत नाही तसं बुडालाही कळत नाही. तीस अंश कललेल्या विमानात आपलं वजन फक्त पंधरा टक्के वाढतं. ढगातल्या हेलकाव्यांत कोण ते मोजणार?

मग कानाचं ऐकलं तर काय होतं? आपल्या उदाहरणातला वैमानिक अंगाचं ऐकून पुन्हा डावीकडे कलवतो. आता त्याला बरं वाटतं, सरळ वाटतं. विमान मात्र डावीकडे वळत राहतं. वळणात वर उचलणारा जोर कमी पडतो, म्हणून नाक हळूहळू खाली जातं आणि वेग वाढतो. उंचीचा काटा घसरताना त्याला दिसतो. पण तो स्वतःला सरळ समजतोय, म्हणून साधा उपाय करतो: हँडल आपल्याकडे ओढतो, नाक वर यावं म्हणून. कललेल्या विमानात ते ओढणं नाक वर नेत नाही, वळणच आणखी घट्ट करतं. वेग आणखी वाढतो, तो आणखी ओढतो. विमान गोल गोल फिरत खाली येतं, आणि आतल्या माणसाला शेवटपर्यंत वाटतं की आपण सरळ रेषेत उतरतोय. इंग्रजीत या घिरटीला स्मशानाचं नाव दिलंय, त्यात काही अतिशयोक्ती नाही.

याला किती वेळ लागतो? १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर प्रयोग झाला होता. ढगातल्या उड्डाणाचं शिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले, शेजारी जाणकार वैमानिक बसवला, आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. एकोणीस जण त्या घिरटीत गेले, एकाने नाक इतकं वर नेलं की विमान हवेत तरेना. सगळ्यांची सरासरी निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! आपला गॅसवरचा चहाही तेवढ्यात होत नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवायचा, एवढंच ना?" हे एवढंच आहे, आणि एवढंच नाहीही. इथे मला त्यांना १ जानेवारी १९७८ ची गोष्ट सांगावी लागली.

तेव्हा मी शाळेत होतो. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि समुद्रात कोसळलं, ही बातमी घरात मोठ्यांनी कशी गप्प बसून ऐकली ते आठवतं. त्या कंपनीचं ते पहिलं जंबो, बोइंग ७४७. विमानात २१३ माणसं होती. कोणीही वाचलं नाही. घातपात असावा असंच पुष्कळांना वाटलं होतं. खरं कारण समजून घेण्याइतकी अक्कल मला पुढे विमान शिकताना आली.

संध्याकाळनंतरचं उड्डाण होतं, रात्रीचे पावणेनऊ वाजत आलेले. सांताक्रूझची धावपट्टी सोडली की पश्चिमेला लगेच समुद्र. शहराचे दिवे मागे राहतात आणि पुढे काळं पाणी, काळं आकाश. विमान ढगात नव्हतं, पण बाहेर क्षितिज दिसत नसेल तर रात्रीचा समुद्र म्हणजे ढगच. विमानाने ठरल्याप्रमाणे किनारा ओलांडून थोडं उजवं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज सरळ झालं नाही. ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं, अडकलं होतं.

कॅप्टनला वाटलं, विमान अजून उजवीकडे कललंय. त्यांनी ते डावीकडे वळवलं. यंत्र हललं नाही. त्यांनी आणखी वळवलं. बाहेर बघून खात्री करावी असं काही नव्हतं, आणि अंग काय सांगणार होतं ते वर आलंच आहे. तीन जणांच्या त्या कॉकपिटमध्ये यंत्राबद्दल घाईघाईचं बोलणं झालं. फ्लाइट इंजिनिअरने त्या बिघडलेल्या यंत्रावर जाऊ नका, असं सांगितल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. पण तोवर विमान डावीकडे नव्वद अंशांच्याही पलीकडे झुकलं होतं, आणि उंची फार नव्हतीच. उड्डाण घेतल्यापासून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर ते पाण्यात गेलं. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा: कॅप्टनचं स्थितिदर्शक यंत्र बिघडलं, विमान कसं आहे याचं भान त्यांना राहिलं नाही, आणि बाकीच्या यंत्रांच्या आधाराने विमान सावरता आलं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा बहिणीचा चेहरा उतरला. "म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवला म्हणूनच गेले की!" कोणालाही असंच वाटेल. पण नीट बघा, त्या कॉकपिटमध्ये तसलं यंत्र एकच नव्हतं. सहवैमानिकासमोर दुसरं होतं आणि मध्ये तिसरं, वेगळं चालणारं. शिवाय दिशा दाखवणारं यंत्र होतं, वेगाचं होतं, उंचीचं होतं. 'यंत्रांवर विश्वास' हा शब्द आम्ही अनेकवचनात वापरतो, तो म्हणूनच. एका यंत्रावरचा विश्वास आणि सगळ्या यंत्रांच्या एकमतावरचा विश्वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दोन यंत्रांत भांडण लागलं तर निवाडा करायला अंगाला बोलवायचं नाही. तिसऱ्या यंत्राला बोलवायचं.

लहान शिकाऊ विमानात हे भांडण कसं सोडवायचं ते भाचीला कागदावर काढून दाखवलं. जुन्या पद्धतीच्या विमानात समोर सहा तबकड्या असतात. वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खालच्या ओळीत वळणदर्शक, दिशा आणि चढ-उताराचा काटा. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या पोटात भोवऱ्यासारखी चाकं फिरत असतात. पुष्कळ विमानांत ती इंजिनावरच्या एका पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात. वळणदर्शकातला भोवरा मात्र विजेवर फिरतो. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे, एक गेलं तर दुसरं राहावं म्हणून.

पंप बंद पडला तर कृत्रिम क्षितिज फट्‌कन पडत नाही, हीच त्याची लबाडी. आपण लट्टू सोडला की शेवटी तो कसा डुलत डुलत आडवा होतो? तसंच. चाकाचा वेग काही मिनिटं उतरत राहतो आणि क्षितिज थोडं थोडं कलायला लागतं. बेसावध वैमानिक प्रामाणिकपणे त्याच्या मागे मागे जातो आणि सरळ विमान स्वतःच्या हाताने वाकडं करतो.

समजा क्षितिज दाखवतंय की उजवीकडे वीस अंश कललोय. मग उजवं वळण चालू असलंच पाहिजे. वळणदर्शकातलं छोटं विमान उजवीकडे झुकलंय का? होकायंत्राचा आकडा बदलतोय का? दोन्ही म्हणत असतील की विमान नाकासमोर चाललंय, तर खोटं क्षितिज बोलतंय. उलट क्षितिज सरळ आहे, वळणदर्शक सरळ आहे, दिशा स्थिर आहे, आणि फक्त तुमच्या पोटाला वाटतंय की आपण कललोय, तर खोटं पोट बोलतंय. नाक वर का खाली याचीही तशीच उलटतपासणी वेग, उंची आणि चढ-उताराच्या काट्याकडून. डोळे एका तबकडीवर रेंगाळू द्यायचे नाहीत. क्षितिज, मग दुसरं, परत क्षितिज, मग तिसरं, असं फिरवत राहायचं.

भास आलाच तर? मुलांना मी सांगायचो, हात हलके ठेवा, डोकं हलवू नका. ढगात पेन्सिल पडली तर पडू द्या. वळणात असताना वाकून मान फिरवली की कानातल्या तिन्ही नळ्या एकदम ढवळल्या जातात आणि सगळं जग उलटंपालटं होतं. शेजारी दुसरा वैमानिक असेल तर सरळ म्हणायचं, मला भास होतोय, तुम्ही घ्या. त्यात कमीपणा नाही. दोघांना एकाच क्षणी एकच भास व्हायची शक्यता कमी. आणि विमान नाक खाली करून घिरटीत गेलेलंच असेल तर क्रम चुकवायचा नाही. आधी इंजिनाची ताकद कमी, मग पंख सरळ, आणि पंख सरळ झाल्यावरच नाक अलगद वर. अंग उलट सांगत असतं, की आधी ओढ. आधी ओढलं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

"मग मामा, याची सवय कशी होते?" भाचीने विचारलं. आता तिचा आवाज जरा वेगळा होता. सवय करवली जाते. डोक्यावर एक झापड लावतात, बैलगाडीच्या बैलासारखी, म्हणजे फक्त यंत्रं दिसतात, बाहेरचं नाही. शिक्षक सांगतो डोळे मीट, मान खाली घाल. मग तो विमान इतकं हळू आणि इतकं उलटसुलट फिरवतो की कानाचा सगळा हिशेब बिघडावा. आणि म्हणतो, घे आता. डोळे उघडले की अंग एक सांगतं, तबकड्या दुसरं. हे पन्नास वेळा झालं की हात अंगाला विचारायचं बंद करतात.

त्यानंतरचा धडा मला शिकवायला सर्वांत आवडायचा. उड्डाण चालू असताना शिक्षक खिशातून रबराची काळी चकती काढतो आणि कृत्रिम क्षितिजावर चिकटवून टाकतो. ते गेलं असं समज, उरलेल्यांवर चालव. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे पुन्हा पुन्हा त्या काळ्या चकतीवर जातात, हरवलेल्या माणसाच्या खुर्चीकडे जावेत तसे. मग हळूहळू खालच्या ओळीतल्या त्या छोट्या विमानावर स्थिरावतात. भाचीचा तो धडा पुढच्या महिन्यात आहे. बहिणीने तारीख लिहून घेतलीय.